बायपासनंतर जेवणापाठोपाठ चढणारी आणि कोसळणारी साखर : तपासणी कोणती आणि ती वाचायची कशी

प्रश्न : डॉक्टर, तीन वर्षांपूर्वी माझी वजन कमी करण्याची बायपास शस्त्रक्रिया झाली. गेले काही महिने सकाळी पोहे आणि चहा घेतल्यावर दीड-दोन तासांनी घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांसमोर धूसर होते आणि काही गोड खाल्ले की बरे वाटते. जीटीटी केली तर उपाशीपोटी ८६, एका तासाला २३२ आणि दोन तासांना ५४ आली. एचबीए१सी ५.४ आहे. एक डॉक्टर मधुमेहाची सुरुवात म्हणतात, दुसरे म्हणतात की काळजीचे काही नाही. नेमके काय आहे आणि कोणती तपासणी करावी? (सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : तुमच्या रिपोर्टातला महत्त्वाचा आकडा २३२ हा नसून ५४ हा आहे. केवळ या जीटीटीच्या आधारे मधुमेहाचे निदान करता येत नाही आणि त्यावरून मधुमेहाची गोळी सुरू करणेही योग्य नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणे, त्यांची वेळ आणि शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता हे उशिराचे डंपिंग, म्हणजे जेवणानंतर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटून साखर खाली जाणे, असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र शक्यता आणि निदान यांत अंतर आहे, आणि ते भरून काढण्यासाठी जीटीटी पुन्हा करण्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने तपासणी करावी लागते.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. जठराच्या खालच्या टोकाला पायलोरस नावाचा स्नायूंचा दरवाजा असतो. खडकवासल्यातून पाणी सोडताना जसे दरवाजे थोडेथोडे उघडतात, तसा हा दरवाजा जठरातले अन्न बेताबेताने आतड्यात सोडतो, आणि एका जेवणातली साखर रक्तात उतरायला दोन-तीन तास लागतात. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा थेट लहान आतड्याच्या मधल्या भागाला जोडलेला असल्यामुळे अन्नाच्या वाटेवर हा दरवाजाच उरत नाही. पोहे आणि चहातली साखर काही मिनिटांत आतड्यात पोहोचते आणि अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर दोनशेच्या पुढे जाते. त्याच वेळी आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ हे संप्रेरक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सुटते आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तासाभरात खाल्लेले पिष्ट संपलेले असते, पण सुटलेल्या इन्सुलिनचे काम मात्र चालूच राहते. तुमचे ५४ तिथून आले. म्हणजे २३२ आणि ५४ हे दोन वेगळे आजार नव्हेत. पहिला आकडा हे कारण आहे आणि दुसरा त्याचा परिणाम.

वजन कमी करण्याच्याच स्लीव्ह शस्त्रक्रियेत पायलोरस शिल्लक असतो, तरीही नळीसारख्या झालेल्या जठरातून अन्न लवकर पुढे जाते, त्यामुळे त्या रुग्णांतही हे दिसते. कर्करोगासाठी जठर किंवा अन्ननलिका काढलेल्या रुग्णांतही ते दिसते, फक्त त्यांच्याकडे या अंगाने फारसे पाहिले जात नाही.

डंपिंगचे दोन टप्पे असतात आणि तपासणी निवडण्यापूर्वी तुमची तक्रार कोणत्या टप्प्याची आहे हे ठरवावे लागते. पहिला टप्पा जेवणानंतर तासाभराच्या आत येतो. घट्ट, गोड अन्न एकदम आतड्यात आले की ते पातळ करण्यासाठी रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते; त्यामुळे पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात, छाती धडधडते आणि आडवे व्हावेसे वाटते. या वेळी साखर कमी नसते, उलट वाढलेली असते. दुसरा टप्पा एक ते तीन तासांदरम्यान येतो आणि त्यात घाम, थरथर, भूक, गोंधळ, क्वचित शुद्ध हरपणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे असतात. छातीतली धडधड दोन्हींत असते, म्हणून रुग्ण पहिल्या टप्प्यातही 'शुगर लो झाली' असे समजून गोड खातात आणि पुढच्या घसरणीची तयारी स्वतःच करून ठेवतात. तुमची लक्षणे दीड-दोन तासांनी येतात, त्यामुळे ती दुसऱ्या टप्प्याशी जुळतात.

आता जीटीटीबद्दल. बायपास झालेल्या व्यक्तीला ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी रिकाम्या पोटी प्यायला देणे म्हणजे तिच्या आतड्याला रोजच्या जीवनात कधीच न येणारा प्रसंग देणे होय. त्यामुळे ही चाचणी दोन्ही बाजूंनी फसवते. एका तासाचा मोठा आकडा मधुमेहाचा भास निर्माण करतो. आणि ज्यांना घरी कोणताही त्रास नाही अशा अनेक बायपास रुग्णांची साखरही या चाचणीत साठच्या खाली जाते, त्यामुळे नुसता दोन तासांचा आकडा पाहून आजार ठरवणेही चूक ठरते. याच कारणाने २००९ साली अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने आपल्या मार्गदर्शक सूचनांत जेवणानंतर साखर कमी होण्याच्या तक्रारीसाठी ही चाचणी वापरू नये असे स्पष्ट सांगितले. याउलट २०२० साली डंपिंगवर प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात सुधारित जीटीटीला पसंती आहे. तिथे साखरेबरोबर नाडी आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, दर अर्ध्या तासाने तीन तासांपर्यंत मोजायचे असते. अर्ध्या तासाला हिमॅटोक्रिट ३ टक्क्यांपेक्षा जास्त किंवा नाडी मिनिटाला १० ठोक्यांपेक्षा जास्त वाढली तर पहिला टप्पा सिद्ध मानतात, आणि एक ते तीन तासांत साखर ५० च्या खाली गेली तर दुसरा.

या दोन मतांत मला फारसा विरोध वाटत नाही, कारण दोन्ही गट वेगवेगळ्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. अन्न आतड्यात धो-धो उतरते आहे का, एवढेच पाहायचे असेल तर ग्लुकोजचे पाणी चांगले काम करते. या रुग्णाला रोजच्या जेवणानंतर होणारा त्रास साखर कमी झाल्यामुळेच आहे का, हे ठरवायचे असेल तर मी ते वापरत नाही. तुमच्या चाचणीत नाडी आणि हिमॅटोक्रिट मोजलेले नाही, ५४ आले तेव्हा तुम्हाला त्रास होत होता की नाही याचीही नोंद नाही, त्यामुळे ती दोन्ही कामांसाठी अपुरी आहे. जाता जाता एक सांगतो : तुमच्या ओळखीत बायपास झालेली कोणी गरोदर असेल तर तिलाही नेहमीप्रमाणे जीटीटी लिहून दिली जाते, तिच्यासाठी त्याऐवजी आठवडाभर घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजणे हा मान्य पर्याय आहे.

एचबीए१सीवरही विसंबू नये. तो सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतो, आणि २३२ व ५४ यांची सरासरी छानच येते. शिवाय बायपासनंतर लोहाची कमतरता सर्रास आढळते आणि ती असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून 'काळजीचे काही नाही' हा निष्कर्ष त्या ५.४ वरून काढता येत नाही.

तपासणीची खरी सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, तुमच्या स्वयंपाकघरात होते. अॅलन व्हिपल या शल्यविशारदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन अटी आजही निदानाचा पाया आहेत : लक्षणे असावीत, त्याच क्षणी मोजलेली साखर कमी असावी, आणि साखर वर आल्यावर लक्षणे जावीत. बहुतेक रुग्ण पहिली आणि तिसरी अट सांगतात, पण मधली कोणी मोजलेलीच नसते, कारण हात थरथरू लागले की माणूस आधी गुळाचा खडा तोंडात टाकतो. घरी ग्लुकोमीटर ठेवा आणि त्रास सुरू होताच, शुद्धीवर पूर्ण ताबा असेल तर, खाण्याआधी साखर मोजा. मग उपचार करा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बोट साबणाने धुऊन कोरडे करा, कारण आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटावरचा आकडा खोटा जास्त येतो. वहीत वेळ, काय आणि किती खाल्ले, पहिला घास कधी घेतला आणि लक्षणे कोणती, एवढे लिहा. जेवण संपल्याची वेळ लिहून उपयोग नाही. सगळी गणिते पहिल्या घासापासून मोजतात.

दंडावर लावायचा सेन्सर दोन आठवडे सतत आलेख देतो आणि कोणत्या जेवणानंतर काय होते हे त्यातून फार चांगले कळते. पण तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. साखर वेगाने पडत असताना तो काही मिनिटे मागे असतो आणि कमी आकड्यांत त्याची अचूकताही घटते. रात्री त्या कुशीवर झोपल्याने सेन्सर दाबला गेला की तो खोटाच कमी आकडा दाखवतो. पहाटे तीनला ५२ पाहून घाबरून येणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. म्हणून सेन्सरने संशय निर्माण करावा आणि बोटाच्या किंवा शिरेच्या रक्ताने तो पक्का करावा.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. कोथरूडच्या एका शाळेतल्या बेचाळीस वर्षांच्या शिक्षिका, बायपास होऊन दोन वर्षे झालेली. सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना त्यांना शब्द सुचेनासे होत. आधी रक्तदाब, मग मानेचे दुखणे, मग मानसिक ताण अशी कारणे शोधून झाली होती. सेन्सरवर दोन आठवड्यांतली सर्वांत वाईट नोंद संकष्टीची निघाली : उपवास म्हणून सकाळी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, चाळीस मिनिटांनी २५१ आणि पहिल्या घासापासून पावणेदोन तासांनी ५७. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे दाण्याचे कूट असूनही साखर अशी चढली. भाकरी, उसळ आणि दही खाल्लेल्या दिवशी तीच साखर १५० च्या आसपास राहून हळू उतरली होती.

त्यानंतर आम्ही मिश्र आहार चाचणी केली. तिची तयारी साधी असते : आदले तीन दिवस पिष्टमय पदार्थ मुद्दाम न टाळता नेहमीसारखे जेवायचे, रात्री दहा तास उपाशी राहायचे आणि स्वतः गाडी चालवत यायचे नाही. हाताला इंट्राकॅथ लावून रुग्णाला आरामखुर्चीत बसवतात, उपाशीपोटीचे रक्त, नाडी आणि रक्तदाब घेतात, मग पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असलेले द्रव अन्न दहा मिनिटांत संपवायला सांगतात. आम्ही त्यात सुमारे ५० ग्रॅम पिष्ट धरतो. सर्वत्र एकच पाककृती ठरलेली नसल्यामुळे दोन केंद्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. त्यानंतर दर अर्ध्या तासाने रक्त घेतात आणि प्रत्येक वेळी परिचारिका रुग्णाला काय वाटते ते रुग्णाच्याच शब्दांत लिहून ठेवते. ही नोंद आकड्यांइतकीच मोलाची आहे. सहसा तीन तास पुरतात. लक्षणे उशिरा येत असतील तर पाच तासांपर्यंत थांबतो.

बाईंचे आकडे असे आले. सुरुवातीला ८५, अर्ध्या तासाला २१८, एका तासाला १७२, दीड तासाला ९४, दोन तासांना ४८, अडीच तासांना ६१. नाडी ७४ वरून अर्ध्या तासाला ९६ वर गेली आणि हिमॅटोक्रिट ३७ वरून ४१ वर, म्हणजे पहिला टप्पाही होता; नीट विचारल्यावर त्यांनी जेवणानंतर पोटात गुडगुडते आणि पडून राहावेसे वाटते हे कबूल केले, पण त्याला त्या पित्त समजत होत्या. दोन तासांना परिचारिकेने लिहिले होते : 'घाम, बोलताना अडखळतात, वार पटकन सांगता आला नाही.' रक्त घेऊन झाल्याबरोबर त्यांना ग्लुकोज दिले आणि दहा मिनिटांत त्या नीट बोलू लागल्या. तिन्ही अटी एकाच बैठकीत पूर्ण झाल्या. मात्र अडीच तासांचे ६१ हे दिलेल्या ग्लुकोजमुळे आलेले आहेत, आपोआप सावरून नव्हे, हे रिपोर्टवर लिहावे लागते. नाहीतर पुढचा डॉक्टर चुकीचा अर्थ काढतो.

साखर पडते त्या क्षणाच्या रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडही मोजावे. सी-पेप्टाइड स्वादुपिंडातून इन्सुलिनबरोबरच सुटते, त्यामुळे इन्सुलिन शरीराचे स्वतःचे आहे की बाहेरून टोचलेले, हे त्यावरून कळते. मात्र या दोन्हींच्या ठरलेल्या मर्यादा उपाशीपोटीच्या साखरेसाठी बनवलेल्या आहेत. जेवणानंतर त्या तशाच लावल्या तर जवळजवळ प्रत्येक जण आजारी ठरेल. म्हणून मी या आकड्यांकडे आधार म्हणून पाहतो, निवाडा म्हणून नाही. मधुमेहाच्या कोणत्याही गोळ्या सुरू असतील तर त्यांची नावे पाहणे मात्र अनिवार्य आहे, विशेषतः ग्लिमेपिराइड असलेल्या जोडगोळ्यांची, कारण ती गोळी असेच चित्र उभे करते आणि उशिराच्या डंपिंगवर घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत पडू शकते. तुम्हाला अशी गोळी लिहून दिली असेल तर ती सुरू करण्यापूर्वी हा रिपोर्ट घेऊन अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना भेटा.

नमुना कसा हाताळला जातो याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. साध्या नळीत रक्त तसेच पडून राहिले तर त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटतो. घरी येऊन घेतलेले रक्त दुपारपर्यंत दुचाकीच्या पिशवीत फिरत राहिले तर ७० ची साखर ६० दिसू शकते. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी हवी आणि तीही लवकर यंत्रात फिरवायला हवी, कारण फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायलाही वेळ लागतो. इन्सुलिनचे रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटे कमी येते. ही चाचणी घरगुती नमुन्यावर न करता जिथे जागेवरच प्रयोगशाळा आणि डॉक्टर आहेत अशा ठिकाणी करावी. शुद्ध हरपू लागली तर शिरेतून ग्लुकोज द्यायला कोणीतरी जवळ असलेच पाहिजे.

काही बाबतींत ही तपासणी पुरत नाही. साखर पहाटे, उपाशीपोटी किंवा जेवण चुकल्यावर कमी होत असेल, किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांतच हा त्रास सुरू झाला असेल, तर डंपिंगवर थांबू नये. उशिराचे डंपिंग साधारणपणे वर्ष उलटल्यावर डोके वर काढते आणि ते जेवणाला बांधलेले असते. जेवणाशी संबंध नसेल तर स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणारी गाठ शोधावी लागते आणि त्यासाठी रुग्णालयात भरती करून, देखरेखीखाली, ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवण्याची चाचणी असते. ती घरी उपवास करून पाहण्याची गोष्ट नाही. तुमच्या पत्रात उपाशीपोटीच्या त्रासाचा उल्लेख नाही, उपाशीपोटीची साखर ८६ आहे आणि शस्त्रक्रियेला तीन वर्षे झाली आहेत, त्यामुळे आज तरी त्या दिशेने जाण्याचे कारण दिसत नाही.

निदान पक्के झाल्यावर पहिला उपचार ताटातच असतो, आणि त्याचा परिणामही याच मोजमापाने तपासता येतो. बशीभर पोह्यांत अंदाजे ४५ ग्रॅम पिष्ट असते आणि दोन चमचे साखरेच्या चहात आणखी १० ग्रॅम. एका वेळच्या खाण्यात पिष्ट ३० ग्रॅमच्या आत ठेवायचे, त्याआधी किंवा त्याबरोबर अंडे, पनीर किंवा मोडाची उसळ घ्यायची, आणि चहा किंवा पाणी खाण्याबरोबर न घेता अर्धा तास थांबून घ्यायचे. बाईंनी पोह्यांची बशी निम्मी केली, जोडीला दोन अंडी घेतली आणि चहा बिनसाखरेचा केला. त्यांच्या सेन्सरवर सकाळची सर्वोच्च साखर १५८ आणि सर्वांत कमी ७६ आली. आहाराने भागले नाही तर अकार्बोज ही पिष्टाचे पचन मंदावणारी गोळी घासाबरोबर देतात; त्याने गॅस होतो, म्हणून ती कमी मात्रेपासून वाढवतात. त्यापुढची डायझॉक्साइड किंवा ऑक्ट्रिओटाइड ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीतच द्यावी लागतात.

साखर ७० च्या खाली उतरली आणि लक्षणे असली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी मोजा आणि साखर वर आल्यावर मूठभर शेंगदाणे किंवा चीजचा तुकडा खा. पेढे, उसाचा रस किंवा बाटलीबंद सरबत भरपूर पिऊ नका, कारण त्यातून साखर पुन्हा उसळते आणि दीड तासाने पुन्हा कोसळते. अकार्बोज सुरू असेल तर साखर आणि गूळ लवकर लागूच पडत नाहीत, कारण ती गोळी त्यांचे विघटन अडवते. तेव्हा शुद्ध ग्लुकोजच लागते आणि तो डबा पर्समध्ये व गाडीच्या डिकीत असायला हवा. निदान होऊन साखर स्थिर होईपर्यंत नाश्त्यानंतर एक ते तीन तासांच्या अवधीत स्कूटर चालवायची असेल तर निघण्यापूर्वी बोटाची साखर पाहा, आणि ती ९० च्या खाली उतरत असेल तर त्या दिवशी रिक्षाने जा.